क्रमवारीची उलटतपासणी

१९९१ साली उन्हाळ्यात, अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये अ‍ॅलन विल्क्स आणि रिक बेकर यांचा एक प्रोग्राम अडकून पडला. काम अगदी किरकोळ होतं. एक यादी क्रमाने लावायची होती आणि त्यासाठी युनिक्ससोबत येणारं `qsort` हे तयार फंक्शन वापरलं होतं. काही मिनिटांत उरकायचं ते काम तासन्‌तास चाललं. दोघांनी ते मध्येच थांबवलं म्हणून बरं, नाहीतर संगणक कित्येक आठवडे तेच दळण दळत बसला असता.

खोलात गेल्यावर त्यांना दोषी यादीचा आकार सापडला. एकपासून चढत जाणारे आकडे मध्यावर शिखर गाठतात आणि तसेच पायरीपायरीने उतरत पुन्हा एकवर येतात: १, २, ३, … ३, २, १. चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्या अशा चढत्या-उतरत्या उंचीच्या असतात, म्हणून अशा यादीला ऑर्गन-पाइप म्हणतात. यादी विस्कटलेलीसुद्धा नव्हती. अर्धी सरळ, अर्धी उलटी, एवढंच. तरी तिच्यापुढे `qsort`ने हात टेकले.

जॉन बेंटली आणि डग मॅकिलरॉय या तिथल्याच दोघांनी मग चांगल्या `qsort`चा शोध सुरू केला. बर्कली विद्यापीठात १९८३ साली लिहिलेलं एक फंक्शन सापडलं. ते नुसते शून्य आणि एक यांची सरमिसळ असलेल्या यादीवर कोलमडत होतं. त्यांनी डझनभर युनिक्स लायब्रऱ्या धुंडाळल्या आणि सहज गुडघ्यावर आणता येणार नाही असं एकही `qsort` त्यांना मिळालं नाही. सगळ्यांचं मूळ दोनच ठिकाणी होतं: एक १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत, दुसरं बर्कलीत. शेवटी दोघांनी नवं फंक्शन लिहिलं आणि १९९३ साली ‘सॉफ्टवेअर: प्रॅक्टिस अँड एक्सपिरियन्स’ या नियतकालिकात त्याची हकिकत छापली.

एक तपभर जगभरच्या प्रोग्रामरांनी वापरलेल्या फंक्शनमध्ये हा दोष राहिला कसा? उत्तर सोपं आहे. क्रम लावणारं फंक्शन तपासायचं म्हटलं की माणूस हाताला येतील ते वेडेवाकडे आकडे टाकतो. क्रम लावायचा तर आधी तो बिघडलेला हवा, असं आपण धरून चालतो. आणि नेमकी विस्कटलेली यादीच या फंक्शनांना सगळ्यात सोपी जाते.

हे कसं होतं ते पाहायला एक छोटं फंक्शन पुरे आहे. `qsort`च्या मुळाशी असलेली क्विकसॉर्ट ही पद्धत टोनी होअर यांना मॉस्को विद्यापीठात शिकत असताना, रशियन वाक्यांचं यंत्राने भाषांतर करण्याच्या खटाटोपात सुचली. शब्दकोश चुंबकीय फितीवर होता, त्यामुळे त्यात शोधण्याआधी वाक्यातले शब्द वर्णक्रमाने लावून घेणं भाग होतं. कल्पना अशी: शाळेच्या मैदानावर पीटीचे सर एका मुलाला मध्ये उभं करतात, त्याच्यापेक्षा बुटके डावीकडे आणि उंच उजवीकडे पाठवतात. मग डाव्या घोळक्यात तोच प्रकार, उजव्या घोळक्यात तोच प्रकार, एकेकटा मुलगा उरेपर्यंत. मध्ये उभ्या केलेल्या मुलाला प्रोग्रामर पिव्हट म्हणतात. पायथन भाषेत हे असं लिहिता येतं:

```python
def kram(a):
    if len(a) < 2:
        return a
    p = a[0]
    lahan = [x for x in a if x < p]
    mothe = [x for x in a if x > p]
    return kram(lahan) + [p] + kram(mothe)
```

यादीतला पहिला घटक पिव्हट, लहान एका बाजूला, मोठे दुसऱ्या बाजूला. ३१, ७, ५२, १८, ४४ हे आकडे दिले की ७, १८, ३१, ४४, ५२ असं चोख उत्तर येतं. एक ते दहा लाखांमधले कुठलेही दहा आकडे टाकून पाहिले तरी उत्तर बरोबरच. अशा शंभर याद्या तपासल्या आणि शंभरही पास झाल्या, तर कुणीही म्हणेल की काम झालं.

आता ५, ३, ५, १ ही यादी द्या. उत्तर येतं १, ३, ५. दुसरा पाच गायब. फंक्शन ‘पाचपेक्षा लहान’ आणि ‘पाचपेक्षा मोठे’ एवढेच वेचतं, पाचाइतकाच असलेला दुसरा पाच दोन्हीकडून निसटतो. एक लाख मतदारांची वयं या फंक्शनला दिली आणि सगळे १८ ते १०० वर्षांमधले असले, तर बाहेर फार तर ८३ आकडे येतील! उरलेल्या साऱ्यांचा पत्ता कट. तरी आधीच्या शंभर चाचण्यांत हे का दिसलं नाही? दहा लाखांतून दहा आकडे उचलले तर त्यात दोन सारखे येण्याची शक्यता साधारण बावीस हजारांत एक. शंभर प्रयत्नांत ती गाठ पडणं म्हणजे नशीबच. खऱ्या जगात मात्र वयं, गुण, पिनकोड, तारखा अशा याद्यांत तोच तो आकडा पुन्हा पुन्हा येणं हाच नियम आहे.

यात आणखी एक खोच आहे, आणि ती फंक्शनपेक्षा तपासणाऱ्याची जास्त फजिती करते. १, ३, ५ हे उत्तर चढत्या क्रमात आहेच की! ‘प्रत्येक घटक पुढच्यापेक्षा मोठा नाही ना’ एवढंच चाचणी पाहत असेल, तर ती बिनदिक्कत पास म्हणेल. काहीही दिलं तरी रिकामी यादी परत करणारं फंक्शनसुद्धा या कसोटीला उतरतं, कारण रिकाम्या यादीत क्रम मोडायला कुणी नसतंच. म्हणून चाचणीला दोन गोष्टी विचाराव्या लागतात. उत्तर क्रमात आहे का, आणि आत गेलं होतं तेवढंच आणि तेच बाहेर आलं का? दुसरा प्रश्न हमखास विसरला जातो.

```python
from collections import Counter

def tapas(kram, a):
    adhi = Counter(a)
    b = kram(a)
    chadhta = all(b[i] <= b[i+1]
                  for i in range(len(b) - 1))
    return chadhta and Counter(b) == adhi
```

`Counter` म्हणजे कोणता आकडा किती वेळा आला याची नोंद. ती फंक्शन चालवण्याआधी घेतली आहे, हे महत्त्वाचं. पुष्कळ फंक्शनं मिळालेल्या यादीतच फेरफार करतात. एखाद्याने त्या फेरफारात पाचावर तीन लिहून टाकला आणि हिशेबासाठी नोंद नंतर घेतली, तर बिघडलेल्या यादीचीच नोंद होईल आणि दोन्ही बाजू छान जुळतील. चोरीनंतर तिजोरी मोजून काय उपयोग?

जाता जाता मराठीपुरतं एक सांगायला हवं. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो, पण युनिकोडमध्ये तो ‘ल’ला लागून, ‘व’च्या आधी बसवला आहे. त्यामुळे नुसत्या युनिकोडच्या आकड्यांवर तुलना केली तर ‘काळे’ हे ‘काशीकर’च्या आधी येतात. हा क्रम लावणाऱ्या फंक्शनचा दोष नव्हे. दोघांत आधी कोण, हे सांगणाऱ्या तुलनेचा आहे. तिची तपासणी वेगळी करावी लागते.

गळणाऱ्या पाचावर उपाय सोपा वाटतो. पिव्हट बाजूला काढायचा आणि त्याच्याइतके असलेले सगळे मोठ्यांत ढकलायचे:

```python
    mothe = [x for x in a[1:] if x >= p]
```

५, ३, ५, १ चं उत्तर आता १, ३, ५, ५ येतं. दोन्ही प्रश्नांना होकार. पण याच सुधारलेल्या फंक्शनला १ ते २००० हे आकडे आधीच क्रमाने लावून दिले, तर पायथन `RecursionError` म्हणून हात वर करतं. ज्या यादीत करण्यासारखं काहीच नाही, तीच झेपत नाही.

कारण पहिल्याच घटकात आहे. लागलेल्या यादीत पहिला घटक सगळ्यात लहान. म्हणजे डावीकडे कुणीच जात नाही, उजवीकडे उरलेले सगळेच्या सगळे, १९९९. त्यातलाही पहिला पुन्हा सगळ्यात लहान, उजवीकडे १९९८. दर फेरीला घोळका अर्धा व्हायच्या ऐवजी एकाने घटतो आणि फंक्शन स्वतःलाच एकात एक दोन हजार वेळा बोलावत जातं. पायथनची मर्यादा मुळात एक हजाराची असते. ती वाढवून दिली तर उत्तर बरोबर येतं, पण प्रत्येक घटकाची पिव्हटशी एकेक तुलना धरली तरी जवळजवळ वीस लाख तुलना होतात. तेच आकडे पिसून दिले असते तर सरासरी पंचवीस हजारांत भागलं असतं. यादी दहा लाखांची असेल तर तफावत आणखी भयंकर होते: एकीकडे अडीच कोटी तुलना, दुसरीकडे पन्नास हजार कोटी. विल्क्स आणि बेकर यांच्या मिनिटांचे तास आणि तासांचे आठवडे झाले ते या गणिताने.

सगळे घटक सारखेच असलेली यादी दिली तरी हेच घडतं. सगळे पाच, पिव्हट पाच, म्हणून उरलेले सगळे मोठ्यांत. सारख्यांना एका बाजूला ढकलण्याच्या आपल्या उपायानेच हे नवं दुखणं आणलं. बेंटली आणि मॅकिलरॉय यांनी त्यावर दोनऐवजी तीन ढीग केले: लहान, सारखे, मोठे. सारखे जिथल्या तिथे ठेवून द्यायचे, त्यांना पुन्हा हात लावायचा नाही.

आधीच लागलेली यादी कोण पुन्हा लावायला घेईल, असं वाटेल. पण संगणकाच्या रोजच्या कामात अशाच याद्यांची गर्दी असते. दुकानाच्या हिशेबाच्या नोंदी तारखेनुसार साठत जातात आणि अहवाल काढताना कुणीतरी त्या पुन्हा तारखेनेच लावायला सांगतं. वर्गाची यादी नावांनी लावलेली असते, मागाहून प्रवेश घेतलेली पाच नावं खाली जोडली जातात आणि सगळी यादी पुन्हा फंक्शनकडे जाते. उलटी यादीही तशीच सहज येते. बँकेच्या पडद्यावर ताजा व्यवहार वर असतो, आणि तोच तक्ता जुन्यापासून नव्याकडे लावायचा म्हणजे पुरती उलटी यादी.

पहिल्याऐवजी मधला घटक पिव्हट धरला तर? मग सरळ आणि उलटी या दोन्ही याद्यांत घोळका नेमका अर्धा-अर्धा होतो आणि दोन्ही चाचण्या झटक्यात पार पडतात. सातव्या आवृत्तीतलं `qsort` मधलाच घटक घेत होतं. ऑर्गन-पाइप यादीत मात्र मधला घटक म्हणजे शिखर, सगळ्यात मोठा. त्याच्यापेक्षा लहान जवळजवळ सगळेच, मोठा कुणीच नाही. म्हणजे सरळ आणि उलट अशा दोन याद्यांनी बरंच पकडलं जातं, पण फंक्शन पिव्हट कसा निवडतं ते ठाऊक असेल तर त्याच्या वर्मावर बोट ठेवणारी यादी मुद्दाम घडवता येते. होअर यांनी १९६२ सालच्या लेखातच पिव्हट कुठलाही, नेम न धरता निवडावा असं सुचवलं होतं. आपल्या मूळ फंक्शनमधला `a[0]` लिहायला सोपा म्हणूनच इतका फोफावला.

उलट्या यादीची खरी किंमत मात्र वेगापेक्षा एका साध्या चुकीत दिसते. शाळा-कॉलेजात पहिल्यांदा शिकवली जाणारी पद्धत म्हणजे बबल सॉर्ट: शेजारशेजारचे दोन पाहायचे, उलटे असतील तर अदलाबदल करायची, आणि अशा फेऱ्या मारत राहायचं. शंभर घटकांना नव्व्याण्णव फेऱ्या लागतात. आता समजा लिहिणाऱ्याने हिशेबात एकाने गफलत केली आणि `n - 1`च्या जागी `n - 2` लिहिलं. फेऱ्या अठ्ठ्याण्णवच. ही चूक विस्कटलेल्या यादीत कितीदा दिसेल?

या पद्धतीत मोठा घटक एकाच फेरीत शेवटापर्यंत वाहत जातो, पण लहान घटक दर फेरीला फक्त एक पाऊल डावीकडे सरकतो. शेवटची फेरी लागते ती एकाच प्रसंगी: सगळ्यात लहान घटक अगदी शेवटच्या जागी असेल तर. आकडे वेगवेगळे असले, तर पिसलेल्या शंभराच्या यादीत तसं होण्याची शक्यता शंभरात एक. म्हणजे चुकीचं फंक्शन शंभरातल्या नव्व्याण्णव चाचण्या पास होतं. उलट्या यादीत मात्र सगळ्यात लहान घटक दर वेळी शेवटीच असतो. ५, ४, ३, २, १ दिलं की तीन फेऱ्यांनंतर २, १, ३, ४, ५ बाहेर येतं आणि चूक लपायला जागा राहत नाही. इतक्या स्वस्तात इतकी खात्रीची पकड दुसऱ्या कुठल्या चाचणीत क्वचितच मिळते.

रिकामी यादी तर त्याहून स्वस्त. आपल्या पायथन फंक्शनमध्ये `len(a) < 2` असं लिहिलं आहे म्हणून ते वाचतं. तिथे `len(a) == 1` असतं तरी २, १, ३ ही यादी नीट लागली असती, कारण दोन म्हणजे नेमका मधला आकडा आणि दोन्हीकडे एकेक जण. ४, २, ६, १, ३, ५, ७ हीसुद्धा. फळ्यावर समजावून सांगायला शिक्षक निवडतात तशी सुबक उदाहरणं सगळी पास. पण रिकामी यादी दिली की `a[0]` मागायला गेल्यावर `IndexError`.

सी भाषेत हाच प्रसंग जास्त ओंगळ होतो. तिथे यादीची लांबी बहुधा `size_t` या प्रकारात ठेवतात आणि त्या प्रकारात ऋण आकडा असूच शकत नाही.

```c
for (size_t i = 0; i < n - 1; i++)
    if (a[i] > a[i+1]) swap(&a[i], &a[i+1]);
```

`n` शून्य असेल तर `n - 1` उणे एक होत नाही. आजच्या बहुतेक यंत्रांवर तो १८४४६७४४०७३७०९५५१६१५ होतो. ओळ मुकाट्याने यादीच्या हद्दीबाहेर जाते आणि दुसऱ्याच्या मालकीची मेमरी उलटीसुलटी करू लागते. नशीब चांगलं असेल तर प्रोग्राम लगेच कोसळतो. नसेल तर भलत्याच ठिकाणी, भलत्याच वेळी काहीतरी बिघडतं आणि शोधणारा भलतीकडेच शोधत राहतो. अशी यादी येते तरी कुठून? शोधलेलं नाव सापडलं नाही की निकालांची यादी रिकामी. सुट्टीच्या दिवशी पावत्यांची यादी रिकामी.

पुन्हा सारख्या घटकांकडे यावं लागतं, कारण त्यांच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. विद्यार्थ्यांची यादी आधी नावाने लावली आणि मग गुणांनी. ७२ गुणांचे चौघे असतील तर त्यांची नावं अजून वर्णक्रमातच असतील का? मूळचा आपसातला क्रम जपणाऱ्या पद्धतीला स्थिर म्हणतात. नुसत्या आकड्यांवर ही तपासणी करता येत नाही, कारण एक पाच दुसऱ्या पाचासारखाच दिसतो. प्रत्येकाच्या गळ्यात अनुक्रमांकाचा बिल्ला अडकवावा लागतो: (५, पहिला), (५, दुसरा). मग तुलना फक्त पाचाची करायची आणि शेवटी बिल्ले जागच्या क्रमात आहेत का ते पाहायचं.

गूगलच्या क्रोम ब्राउझरमध्ये या प्रश्नाचं उत्तर कित्येक वर्षं यादीच्या लांबीवर ठरत असे. त्याचं जावास्क्रिप्ट इंजिन दहापर्यंतच्या यादीला इन्सर्शन सॉर्ट लावायचं, ती पद्धत स्थिर. अकरावा घटक आला की क्विकसॉर्ट, ती अस्थिर. वेबपान बनवणाऱ्याने पाच-सात ओळींचा तक्ता लावून पाहिला, समाधानाने पुढे पाठवला, आणि खऱ्या ग्राहकाच्या तीस ओळींच्या तक्त्यात सारख्या रकमांच्या नोंदी विनाकारण जागा बदलू लागल्या. २०१८ साली क्रोमच्या ७०व्या आवृत्तीत ही पद्धत बदलली आणि पुढच्याच वर्षी जावास्क्रिप्टच्या मानकाने स्थिरता सक्तीची केली. सारखे घटक भरपूर असलेली यादी तपासायची, तर ती लांबही हवी, हा त्यातला तपशील.

बेंटली आणि मॅकिलरॉय यांनी आपल्या फंक्शनसाठी जी कसोटी रचली, तिच्यात हे सगळे धडे आधीच होते. याद्यांची लांबी त्यांनी १००, १०२३, १०२४ आणि १०२५ घेतली. दोनाचा पूर्ण घात आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे एकेक, कारण अर्धे-अर्धे करत जाणाऱ्या पद्धतीत एकाची गफलत तिथेच उघडी पडते. आकड्यांचे नमुने पाच. एक करवतीच्या दातांचा: शून्यापासून काही आकड्यापर्यंत चढायचं आणि परत शून्यावर यायचं. दाताची रुंदी एक ठेवली की सगळे शून्य, म्हणजे सगळे सारखे. रुंदी यादीपेक्षा मोठी ठेवली की एकच लांब चढण, म्हणजे आधीच लागलेली यादी. मधल्या रुंदीत सारखेपणा कमी-जास्त. दुसऱ्या एका नमुन्यात आकडे एका उंचीपर्यंत चढून पठारासारखे सपाट होतात. असा प्रत्येक नमुना मग जसाच्या तसा, पूर्ण उलटा, फक्त पुढचा अर्धा उलटा, फक्त मागचा अर्धा उलटा, आधीच लावलेला, आणि थोडासा खरवडलेला अशा सहा वेषांत फंक्शनपुढे उभा करायचा. अर्ध्या उलट्या वेषात ऑर्गन-पाइपसारखे चढ-उतार आपोआप तयार होतात.

त्यांनी घड्याळापेक्षा तुलनांवर भिस्त ठेवली, हे त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं. हजार घटकांची यादी वाईटात वाईट पद्धतीनेही डोळ्याचं पातं लवेपर्यंत लागते. वेळ पाहून काहीच कळत नाही. पण `qsort`ला तुलना करणारं फंक्शन वापरणाऱ्यानेच द्यायचं असतं, त्यात एक मोजणी ठेवली की झालं. १०२४ घटकांना तुलना साधारण १०२४ गुणिले दहाच्या आसपास व्हायला हव्यात. दोघांनी थोडी सूट दिली. त्याहून फार जास्त झाल्या की तशी नोंद करायची. वाटणी दर वेळी एकतर्फी झाली तर हा आकडा ५,२३,७७६ वर जातो. इतकी दरी असल्यावर छोट्या यादीतही रोग लपत नाही, त्यासाठी आठवडे वाट पाहावी लागत नाही.

आज पायथन वापरणारा जे `sorted` वापरतो त्याची पायाभूत पद्धत टिम पीटर्स यांनी २००२ साली लिहिली, टिमसॉर्ट नावाने. नंतर जावानेही ती घेतली. तिने या त्रासदायक याद्यांनाच आपलं भांडवल केलं. ती यादीत आधीपासून लागलेले पट्टे शोधते. चढता पट्टा दिसला की तसाच उचलते, उतरता दिसला की एका झटक्यात उलटा करते. म्हणून पूर्ण लागलेल्या यादीवर ती घटकांहून एक कमी इतक्याच तुलना करते. मात्र मूळ रूपात उतरता पट्टा तिला काटेकोर उतरता लागे. ३, ३, २, २, १, १ हा तिच्या लेखी एक पट्टा नव्हता. तो तसा धरून उलटवला तर पहिला तीन दुसऱ्याच्या मागे जाईल आणि स्थिरता मोडेल. तुलनेत एका ठिकाणी ‘मोठा’च्या जागी ‘मोठा किंवा तेवढाच’ लिहिलं गेलं, तर आकड्यांची उलटी यादी पास होईल, सारख्या आकड्यांची यादीही वरवर पास होईल, आणि बिघाड पकडेल ती उलटी, सारखे घटक असलेली, बिल्ले लावलेली यादी.

आणि तरीही टिमसॉर्टमध्ये एक चूक बारा-तेरा वर्षं राहिली. सापडलेल्या पट्ट्यांची लांबी ती एका छोट्या रकान्यात मांडून ठेवते. तो रकाना किती मोठा लागेल, याचा हिशेब पट्ट्यांच्या लांबीविषयीच्या एका नियमावर बेतला होता आणि काही विरळ प्रसंगी तो नियम मोडत होता. २०१५ साली युरोपातल्या संशोधकांची एक तुकडी फंक्शन बरोबर असल्याचं गणिताने सिद्ध करायला बसली, तेव्हा सिद्धता पुरी होईना म्हणून हे उजेडात आलं. जावाचं फंक्शन कोसळवायला त्यांनी जी यादी घडवली तिच्यात ६,७१,०८,८६४ घटक होते, तेही ठरावीक लांबीच्या पट्ट्यांत रचलेले. रिकामी, सरळ, उलटी, सारखी अशी कुठलीही यादी टाकून ते सापडलं नसतं. पायथनने नियम पाळला जातो की नाही ते तपासणारी अट दुरुस्त केली. जावाच्या लोकांनी अट तशीच ठेवून रकाना ४० वरून ४९ केला. २०१८ साली फ्रान्समधल्या अभ्यासकांनी हिशेब पुन्हा मांडला, तर तो रकानाही अपुरा निघाला.